तार कुठं बांधलीय? तुणतुणं, एकतारी आणि चौंडकं

माघातली रात्र होती. वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात चुलतभावाच्या लग्नानंतरचा गोंधळ चालला होता. अंगणात उसाच्या पाच कांड्या उभ्या करून त्याखाली चौक भरलेला, दिवटी पेटलेली, संबळ घुमत होता. पहाटे तीनच्या सुमाराला गाणारे गोंधळी मध्येच थांबले आणि त्यांनी मागं वळून तुणतुणेवाल्या काकांकडं नुसतं पाहिलं. काका काही न बोलता उठले, चुलीपाशी गेले आणि तुणतुण्याचं बूड निखाऱ्यांवर वीतभर उंच धरून गोल गोल फिरवायला लागले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं गप्प बसवलं नाही. विचारलं, "काका, तार उतरली तर खुंटी पिळायची ना? शेकताय काय?"

"तार न्हाई उतरली, कातडं उतरलंय," ते म्हणाले. "दव पडलंय न्हवं. खुंटी पिळली तर आत्ता लागंल, पण सकाळी ऊन आलं की तुटंल बघा."

त्या एका वाक्यात या वाद्याचं निम्मं शास्त्र आहे. उरलेलं निम्मं समजायला तार कुठं बांधलेली असते ते बघावं लागतं.

तुणतुणं म्हणजे लाकडाचं पोकळ नळकांडं, साधारण वीतभर उंचीचं. वरचं तोंड उघडं, खालच्या तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवलेलं. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला एक दांडी ठोकलेली असते, ती वर हातभर जाते आणि तिच्या शेंड्याला खुंटी. पोलादी तारेचं एक टोक त्या खुंटीला. दुसरं टोक खाली येऊन नळकांड्याच्या उघड्या तोंडातून आत शिरतं आणि कातड्याच्या बरोबर मध्यावरच्या बारीक भोकातून बाहेर पडतं. भोकातून तार निसटून वर येऊ नये म्हणून बाहेरून तिला काहीतरी अडकवतात. काकांच्या तुणतुण्याला जुना भोकाचा पैसा होता. त्याखाली चामड्याची एक चकतीही होती, म्हणजे पैशाची कड कातड्याला कापणार नाही.

म्हणजे तार कातड्यावरून जात नाही. ती कातड्याला काटकोनात उभी आहे आणि त्याला मधोमध धरून वर ओढते आहे. सतार, तंबोरा किंवा गिटार आठवा. तिथं तार तबलीला समांतर धावते आणि वाटेत एका घोडीवर टेकते. तार हलली की घोडी हलते, घोडीमुळं तबली हलते. तुणतुण्यात घोडीच नाही. तार आणि कातडं यांच्यामध्ये कुणी मध्यस्थ नाही म्हणा ना.

एकटी तार जवळजवळ मुकी असते. तिची जाडी एवढी कमी की ती हवेला ढकलू शकत नाही. हवा तिच्या दोन्ही बाजूंनी सटकून जाते. दोन खिळ्यांमध्ये तार ताणून छेडून बघा, कान जवळ नेल्याशिवाय ऐकू येणार नाही. आवाज होण्यासाठी तिला एखादं रुंद पान हलवायला द्यावं लागतं. तुणतुण्यात ते पान म्हणजे कातडं. नुसत्या कड्यावर कातडं ताणलं तरी पुरलं नसतं, कारण पुढं ढकललेली हवा कडेनं वळून मागं गेली असती आणि आवाज तिथल्या तिथंच विरला असता. नळकांडं ती वाट अडवतं.

आता तार छेडली की कातड्याला काय जाणवतं? तार मध्यातून डावीकडं जाते, परत मध्यात येते, उजवीकडं जाते, पुन्हा मध्यात येते. ही एक फेरी. तार डाव्या टोकाला असताना थोडी वाकलेली असते, म्हणजे सरळ असताना होती त्यापेक्षा केसभर लांब झालेली असते, म्हणून जास्त ताणलेली. उजव्या टोकालाही तसंच. मध्यात आली की ताण पुन्हा कमी. म्हणजे तारेच्या एका फेरीत कातड्याला वरच्या दिशेनं दोन हिसके बसतात. तार सेकंदाला २०० फेऱ्या मारत असेल, तर कातडं ४०० वेळा ओढलं जातं. फेऱ्या दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. तारेची डावी-उजवी हालचाल कातड्याला थोडं कलतं करते, दांडीही थरथरते, त्यामुळं मूळ स्वरही ऐकू येतो. पण त्याच्या खांद्यावर बसून वरचा षड्ज ठणठणीत बोलतो. तुणतुण्याचा आवाज त्याच्या आकाराच्या मानानं इतका उंच आणि टोकदार का, याचं मोठं कारण हे आहे.

गावच्या मांडवातली ही गोष्ट भौतिकशास्त्राच्या नजरेतून सुटलेली नाही. सी. व्ही. रामन सरकारी अर्थखात्यात नोकरी करत होते तेव्हाच्या त्यांच्या सुरुवातीच्या लेखांपैकी एक, १९०९ सालचा, एकतारीवरच आहे.

काकांनी तुणतुणं खाली ठेवल्यावर मी टेपनं मोजलं. खुंटीपासून कातड्यापर्यंत तार ६० सेंटिमीटर. तारेची जाडी मोजायला साधन नव्हतं, पण अशा बारीक पोलादी तारेची जाडी ०.३५ मिलिमीटरच्या आसपास धरली आणि सूर पेटीवरच्या पांढरी पाचच्या जवळ, म्हणजे सेकंदाला अंदाजे २०० कंपनं धरला, तर ताणाचा हिशेब मांडता येतो. तो साधारण साडेचार किलो येतो. म्हणजे ते कागदासारखं पातळ कातडं मधोमध साडेचार किलोचं वजन टांगल्यासारखं रात्रभर ओढलं जात होतं. एवढ्या ताणानं ६० सेंटिमीटरची पोलादी तार किती लांबते? दीड मिलिमीटरसुद्धा नाही. सगळा सूर त्या दीड मिलिमीटरच्या आत राहतो.

पहाटेची भानगड इथं आहे. कातडं दवानं ओलसर झालं की फुगतं, सैल पडतं. तार तर त्याला वर ओढतेच आहे, मग कातड्याचा मध्य किंचित वर सरकतो. तो पाव मिलिमीटरहून थोडासा जास्त सरकला, म्हणजे नखाच्या जाडीहूनही कमी, तरी तारेचा पाचवा हिस्सा ताण जातो आणि सूर एका पूर्ण स्वरानं खाली येतो. सा लावलेला असतो, वाजतो खालचा कोमल नी. गाणाऱ्याला ते लगेच टोचतं. बाकीच्या मांडवाला एवढंच वाटतं की गोंधळ जरा मरगळलाय.

शेकल्यावर उलटं होतं. कातड्यातलं पाणी उडून जातं, ते आक्रसतं, मध्य खाली उतरतो आणि तारेला परत मूळ जागी ओढतो. खुंटीला हात न लावता सूर चढतो. काका कातडं अंगठ्यानं दाबून बघत होते आणि मधूनच तार छेडत होते. सूर हवा होता त्याच्यापेक्षा थोडा वर गेला तेव्हाच ते उठले, कारण चुलीपासून मांडवापर्यंत येईतो तो परत थोडा उतरणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खुंटी पिळली असती तर? ओल्या कातड्यावर सूर लागला असता. मग सकाळी आठला ऊन आल्यावर कातडं आक्रसलं असतं, पिळलेला ताण आणि आक्रसण्याचा ताण एकावर एक चढला असता. तार बहुधा टिकली असती, पण कातड्याचं भोक फाटलं असतं. "तुटंल" म्हणताना काकांना तेच म्हणायचं होतं, हे नंतर कळलं.

सूर उतरला की दर वेळी दोष कातड्याचाच असतो असं नाही, आणि तो ओळखायची त्यांची रीत मला फार आवडली. हळूहळू, अर्ध्या-पाऊण तासात उतरत गेला तर कातडं. एखाद्या जोराच्या आघातानंतर एकदम उतरला तर खुंटी फिरली. ती काढून खडू घासून परत घट्ट बसवायची. आणि सूर उतरलाय, वर आवाजही भद्द येतोय, बुडाशी काहीतरी झरझरतंय, तर मात्र वाजवणं थांबवून वाद्य उलटं करायचं. भोक मोठं झालेलं असतं आणि पैसा कलून कातड्यावर नाचत असतो. चकती बदलली नाही तर तासाभरात तार पैशासकट वर निघून येते.

एक प्रश्न मला लहानपणापासून होता. तुणतुण्यावर गाणं का वाजवत नाहीत? आपल्याकडं तर "आपलंच तुणतुणं वाजवणं" म्हणजे तेच तेच बोलत राहणं, असा वाक्प्रचारच झालाय. कारण हिशेबातच आहे. सूर ताणाच्या मानानं फार कंजूषपणे चढतो. एक स्वर वर जायला साडेचार किलोचे पावणेसहा करावे लागतात. पूर्ण सप्तक चढायचं तर ताण चौपट, म्हणजे अठरा किलो. तिथं तारही तुटण्याच्या बेताला येते आणि कातडं त्याच्या कितीतरी आधी जातं. बोटानं तार दाबून लांबी कमी करावी तर खाली पडदे नाहीत. म्हणून तुणतुणं एकच स्वर धरून बसतं. पण तो स्वर ते नुसता धरत नाही, तो लयीत मोजून देतं.

इथं तुणतुण्याचा दुसरा स्वभाव येतो. आघात झाला की आवाज मोठा येतो आणि लगेच विझतो. "तुण्" एवढंच. तारेत हातानं घातलेली शक्ती ठरावीक असते. कातडं मऊ, हलकं, चटकन हलणारं, म्हणून ते ती शक्ती एका घासात हवेत फेकतं. आवाज जितका मोठा, तितका तो लवकर संपतो, कारण दोन्ही खर्च एकाच खात्यातून होतात. आघाताच्या पहिल्या क्षणी तार जास्त वाकलेली असते म्हणून सरासरी ताणही जास्त, सूर किंचित चढा. मग तार निवळते तसा तो खाली घसरत जागेवर येतो. तुणतुण्याचा तो थोडा खट्याळ, बोलल्यासारखा आवाज या घसरणीतून येतो. तार जास्तच सैल ठेवली तर घसरण इतकी होते की वाद्य मांजरासारखं ओरडायला लागतं.

मोठा आणि तोकडा आवाज म्हणजे ठोका द्यायला उत्तम. संबळ, ढोलकी, हलगी यांच्या गदारोळात, मोकळ्या मैदानात, गाणाऱ्याच्या कानाशी सूर पोचवायचा आणि लयही तुटू द्यायची नाही, असं दुहेरी काम ते करतं. चामड्याच्या वाद्यांचा धडधडाट बराचसा खालच्या पट्टीत असतो, तुणतुण्याची धार वरच्या सप्तकात, म्हणून ते त्यांच्याखाली दबत नाही. म्हणूनच ते गोंधळ्यांकडं आहे, शाहिरांकडं पोवाड्यात डफाच्या जोडीला आहे आणि तमाशात आहे. पट्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष आणि काळू-बाळूंचं कवलापूर, दोन्ही आत्ताच्या सांगली जिल्ह्यातली गावं, त्यामुळं या भागात तुणतुणं म्हटलं की आधी फडच आठवतो. फडात तुणतुणेवाला मागच्या रांगेत उभा असतो, डाव्या हातानं नळकांडं छातीशी किंवा कमरेशी धरून, उजव्या हातातल्या लाकडी काडीनं तार छेडत, आणि बहुतेकदा झीलही तोच ओढतो. लोक नाचणारीकडं बघतात, सोंगाड्याला हसतात. त्याच्याकडं बघतो तो फक्त गाणारा, आणि तोही सूर उतरल्यावरच.

एकतारीचं सगळं उलटं आहे. वाळलेला भोपळा, त्याचं कापलेलं तोंड लाकडी तबलीनं किंवा कातड्यानं बंद केलेलं, त्यातून गेलेली लांब दांडी आणि तार तबलीला समांतर, घोडीवर टेकलेली. तारेला तबली एकदम हलवता येत नाही. तिची शक्ती घोडीतून थेंबाथेंबानं झिरपते. त्यामुळं आवाज लहान पण लांब. तर्जनीनं एकदा छेडली की दोन ओळी म्हणून होईतो ती रेंगाळत असते. भजन म्हणणाऱ्याला, एकट्यानं दारोदार फिरणाऱ्या गोसाव्याला हेच हवं. त्याला कुणाच्या ढोलकीशी झुंजायचं नसतं. एका हातात एकतारी, दुसऱ्यात चिपळ्या, लय चिपळ्यांकडं आणि सूर तारेकडं, अशी वाटणी झालेली.

पुष्कळांना वाटतं की एका तारेत एकच स्वर. तसं नाही. तार अखंड हलते तेव्हाच ती अर्ध्या-अर्ध्या, तृतीयांश, चतुर्थांश तुकड्यांतही हलत असते. अर्ध्यात हलण्यातून वरचा सा, तृतीयांशातून त्याच्या वरचा पंचम, पाचव्या हिश्श्यातून गंधार. म्हणजे गाणाऱ्याला लागणारा पंचम त्या एकाच तारेत आधीच असतो, फक्त मंद असतो. तो मोठा करायची युक्ती मिरजेला बघावी. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची घोडी जरा पसरट ठेवून कानसीनं घासतात, म्हणजे हलणारी तार घोडीला हलकेच चाटत राहते. याला जवारी म्हणतात. चाटण्यानं वरचे स्वर उठून दिसतात आणि आवाजाला तो झणकार येतो. फरीदसाहेब सतारमेकरांपासून सुरू झालेलं, एकोणिसाव्या शतकातलं हे काम. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरच्या बाजूनं येणारे भोपळे ते वाळवून वापरतात. साध्या एकतारीवर कुणी एवढी मेहनत घेत नाही, पण घोडी पसरट असेल तर तारेखाली सुती दोऱ्याचा तुकडा सरकवून बघा. एका जागी, अगदी एकाच जागी, आवाज उघडतो. दोरा तिळभर पुढं गेला की परत मिटतो.

तिसरं भावंड चौंडकं. यल्लमाच्या जोगत्या-जोगतिणींच्या काखेत ते असतं. सौंदत्तीला जाणारे, जतच्या यल्लमाच्या यात्रेला येणारे, यांच्याबरोबर ते आपल्याकडं सर्रास दिसतं. रचना तुणतुण्याचीच, फक्त दांडी काढून टाकलेली. नळकांडं काखेत दाबायचं, कातड्याच्या मध्यातून आलेल्या तातीच्या दुसऱ्या टोकाला लाकडाचा लहान तुकडा बांधलेला असतो, तो डाव्या मुठीत धरून ओढायचा आणि उजव्या हातानं तात छेडायची. दांडी गेली म्हणजे ताण पक्का राहिला नाही, तो मुठीत आला. मूठ ओढली की सूर वर, सैल सोडली की खाली, एकाच आघातात. तुणतुण्यातला दोष इथं वाद्याचा प्राण झाला. ताण दुप्पट केला की सूर सा वरून तीव्र मध्यमापर्यंत जातो, आणि तात पोलादासारखी ताठ नसून लवचीक असल्यामुळं मुठीच्या ताकदीत एवढी झेप सहज बसते. तिथं पोलादी तार लावली असती तर केसभर ओढीत सूर कुठल्या कुठं गेला असता, हातात राहिलाच नसता.

मुलांना हे दाखवायला मी दूध पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा वापरतो. बुडाला मधोमध खिळ्यानं भोक, आतून दोरा ओवायचा, बाहेरच्या टोकाला काडेपेटीची काडी बांधायची आणि डबा काखेत धरून दोरा ओढत छेडायचा. लगेच चौंडकं बोलतं. मग त्याच डब्याला बाहेरून पट्टी बांधून दोरा वर खिळ्याला पक्का केला की तुणतुणं. दोऱ्याऐवजी बारीक तार घेतली तर आवाज पाचपट खणखणीत येतो, पण काडी मोडते. तिथं शर्टाचं बटण लावावं. एका पोरानं बटणाशिवाय जोर लावला, तार भोकातून सुटून त्याच्या गालाला लागली. तेव्हापासून तारेचा प्रयोग मी स्वतःच करतो.

त्या दिवशी गोंधळ संपून आरती झाली तेव्हा उजाडलं होतं. काकांनी चहा घ्यायच्या आधी खुंटी दोन फेरे उलटी फिरवून तार पार सैल केली. मी विचारलं, आता तर ऊन येईल, सूर आपोआप चढेल, मग उतरवली कशाला? ते म्हणाले, "गाडीत दुपारपातूर हे असंच तापणार. ताणून ठिवलं तर कातडं मधी वर आलेलं तसंच टोपीवानी ऱ्हातंय, मग कितीबी शेका." मग त्यांनी उघड्या तोंडातून हात आत घालून कातडं मध्यावर खाली दाबलं, सपाट केलं, आणि तुणतुणं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून संबळाशेजारी ठेवलं.